पहिल्या दिवसापासून चालू होणारा सूद

आमच्या तुडीलमध्ये आणि आजूबाजूच्या गावांत बँकेच्या प्रत्येक कार्डाला 'एटीएम कार्ड'च म्हणतात. पगार खात्याबरोबर मिळालेले डेबिट कार्ड असो, की बँकेने मागाहून दिलेले क्रेडिट कार्ड, दोन्ही पाकिटात एकाच खणात असतात, दोन्ही दिसायला सारखी, दोन्हींना चार आकडी पिन आणि दोन्ही महाडच्या त्याच मशीनमध्ये जातात. मशीनसुद्धा दोघांना सारख्याच नोटा देते. फरक एवढाच की पहिल्या कार्डाने आपण आपलेच पैसे काढतो आणि दुसऱ्याने बँकेकडून कर्ज काढतो. ते कर्जही असे की ज्यावर सूद त्याच दिवशी चालू होतो.

हे आम्ही लिहायला घेतले, कारण गेल्या काही वर्षांत आमच्या वस्तीत क्रेडिट कार्ड घरोघर पोहोचले आहे. मुले पनवेल, नवी मुंबई, पुण्याला नोकरीला आहेत. कोणी महाडच्या एमआयडीसीत आहे, कोणी आखातात आहे. पगार खात्यात जमा होऊ लागला की थोड्याच दिवसांत कार्डाचा फोन येतो. देणारा माणूस एक वाक्य हमखास सांगतो, 'पन्नास दिवस बिनव्याजी.' हे वाक्य खोटे नाही, पण ते अर्धे आहे. ते दुकानातल्या खरेदीपुरते खरे आहे. त्याच कार्डाने मशीनमधून रोख काढली, तर त्यातला एकही दिवस बिनव्याजी नसतो.

आमच्या भाच्याचीच गोष्ट सांगतो. तो नवी मुंबईत एका कंपनीत आहे. एप्रिलमध्ये त्याच्या सासऱ्यांना अचानक दवाखान्यात दाखल करावे लागले. आधी अनामत रक्कम भरा, असे तिथे सांगितले गेले. महिन्याची 20 तारीख होती, पगाराला दहा दिवस होते आणि खात्यात फारसे काही उरले नव्हते. क्रेडिट कार्डावर दीड लाखाची मर्यादा होती. त्याने महाडला जाऊन मशीनमधून 40,000 रुपये काढले. मशीन एका वेळी 10,000 च्या वर देत नव्हते, म्हणून चार वेळा काढले. सासरे बरे होऊन घरी आले, अल्लाहचा शुक्र. 15 मे रोजी कार्डाचे बिल आले. 5 जून ही भरण्याची शेवटची तारीख होती. त्या तारखेला त्याने बिलातली रक्कम शेवटच्या रुपयापर्यंत भरली. जूनच्या मध्यात पुढचे बिल आले, त्यात पुन्हा 1,140 रुपये लागलेले. तो बिल घेऊन आमच्याकडे आला आणि म्हणाला, "मामू, मी तर सगळे वेळेवर भरले. मग हे कशाचे?"

आम्ही दोघी बिले आणि कार्डाबरोबर आलेले अटींचे पुस्तक समोर घेऊन बसलो. घरातली मोठी मुलगी बी.कॉम.ला आहे, तिने कागदावर आकडे मांडले. तोच हिशोब इथे देतो, कारण तो एकदा समजला की सगळेच समजते.

त्या पुस्तकात रोख काढण्याबद्दल तीन गोष्टी लिहिलेल्या होत्या. पहिली, रोख काढण्याची फी: काढलेल्या रकमेच्या अडीच टक्के, पण कमीत कमी 500 रुपये. दुसरी, व्याज: महिन्याला साडेतीन टक्के, म्हणजे वर्षाला 42 टक्के, आणि ते पैसे काढल्याच्या तारखेपासून फेडल्याच्या तारखेपर्यंत, रोजच्या रोज. तिसरी, फीवर आणि व्याजावर दोन्हींवर 18 टक्के जीएसटी. बँकेच्या साध्या कर्जाच्या व्याजावर हा कर लागत नाही, पण क्रेडिट कार्डाच्या व्याजावर लागतो, ही गोष्ट पुष्कळांना ठाऊक नसते. बँकेबँकेत आकडे थोडे कमीजास्त असतात. कुठे महिन्याला पावणेचार टक्के आहे, कुठे फी वेगळी आहे. पण साचा सगळीकडे साधारण हाच आहे.

आता फीचा हिशोब पाहा. 40,000 चे अडीच टक्के म्हणजे 1,000 रुपये. पण भाच्याने चार वेळा दहा-दहा हजार काढले. 10,000 चे अडीच टक्के होतात 250, आणि अट सांगते की कमीत कमी 500. फी दर वेळेला वेगळी लागते. म्हणून चार वेळांचे 2,000 रुपये झाले, त्यावर 360 रुपये जीएसटी. मशीनने एका वेळी दहा हजारच दिले, एवढ्या एका कारणाने फी दुप्पट झाली. हे 2,360 रुपये पहिल्याच दिवशी त्याच्या नावावर चढले होते. त्याने दुसऱ्या दिवशी सकाळी सगळे पैसे परत केले असते, तरी ते सुटले नसते.

मग व्याज. 40,000 वर वर्षाला 42 टक्के म्हणजे 16,800 रुपये. त्याला 365 ने भागले की दिवसाला 46 रुपये येतात. त्यावर जीएसटी धरला की दिवसाला सुमारे 54 रुपये. 20 एप्रिल ते 15 मे हे 25 दिवस झाले. त्यांचे व्याज 1,151 रुपये आणि कर 207 रुपये. म्हणून 15 मेच्या बिलात मुद्दल 40,000, फी आणि तिचा कर 2,360, व्याज आणि त्याचा कर 1,358, असे मिळून 43,718 रुपये आले. भाच्याने हीच रक्कम 5 जूनला भरली.

पण बिल 15 मेला छापले गेले आणि पैसे भरले गेले 5 जूनला. मधल्या 21 दिवसांत मुद्दल बँकेला परत मिळालेले नव्हते, आणि मीटर चालूच होते. 21 दिवसांचे व्याज 967 रुपये, त्यावर कर 174 रुपये, मिळून 1,140 च्या थोडे वर. हेच ते जूनच्या बिलातले पैसे. बिलात चूक नव्हती. बिल म्हणजे एका तारखेचा फोटो असतो, आणि फोटो काढल्यानंतरही कर्ज चालत राहते, एवढेच. खरेदीच्या बाबतीत शेवटची तारीख ही सवलतीची सीमा असते, तोवर भरले की व्याज नाही. रोखीच्या बाबतीत ती तारीख फक्त दंड चुकवण्याची असते. व्याजाचा तिच्याशी काही संबंध नाही.

बेरीज केली तर 40,000 रुपये 46 दिवस वापरण्याचे 4,858 रुपये पडले. शंभर रुपयांमागे बारा रुपये, तेही दीड महिन्याला. वर्षाच्या मापाने मोजले तर हा दर 96 टक्क्यांच्या आसपास जातो. पुस्तकात छापलेले 42 टक्के आणि खरे पडलेले 96 टक्के, या दोहोंमधले अंतर फी आणि कर यांनी भरून काढले. थोड्या दिवसांसाठी काढलेल्या रोखीत नेहमी असेच होते, कारण फी एकदाच आणि पूर्ण लागते, दिवस कितीही कमी असोत.

भाच्याने विचारले, "पण दुकानात कार्ड घासले तर बँक पन्नास दिवस थांबते. मग रोखीला एक दिवससुद्धा का नाही थांबत?" प्रश्न रास्त आहे. याचे उत्तर बँकेच्या कंजूषपणात शोधू नये, पैसा कोण देतो यात शोधावे.

समजा महाडच्या बाजारात आपण 10,000 रुपयांचा फ्रिज क्रेडिट कार्डाने घेतला. दुकानदाराच्या खात्यात पूर्ण 10,000 जमा होत नाहीत. त्यातून टक्का-दोन टक्के कापले जातात. त्या कपातीचा मोठा वाटा ज्या बँकेचे कार्ड आहे तिला मिळतो, बाकीचा मशीन बसवणाऱ्या बँकेला आणि कार्डाच्या जाळ्याला. म्हणजे आपल्याला मिळालेले बिनव्याजी दिवस फुकट नसतात. त्यांची किंमत दुकानदाराने आधीच दिलेली असते. गिऱ्हाईक मिळावे म्हणून तो ती देतो.

एटीएममध्ये दुकानदार कोणी नाही. कोणी माल विकला नाही, कोणाचा नफा झाला नाही, म्हणून कपात द्यायलाही कोणी नाही. उलट मशीन दुसऱ्या बँकेचे असेल, तर आपल्या कार्डाच्या बँकेलाच त्या बँकेला मशीन वापरल्याचा मोबदला द्यावा लागतो. नोटा मोजून भरणे, गाडीने पाठवणे, पहारा, मशीनची देखभाल, हा खर्च वेगळा. हा सगळा भार ज्याने नोटा घेतल्या त्याच्यावर टाकला जातो. फी त्यासाठी आहे.

दुसरे कारण जोखमीचे. ज्याच्या खात्यात पैसे आहेत तो डेबिट कार्ड वापरतो. ज्याला 42 टक्क्यांनी रोख काढावी लागते, त्याचे बाकीचे रस्ते बहुधा बंद झालेले असतात, असे बँका धरून चालतात. फ्रिज घेतला तर निदान तो कशावर खर्च झाला हे बँकेला दिसते. नोटा कुठे गेल्या ते दिसत नाही. म्हणून एकूण मर्यादेतला थोडाच भाग रोख काढण्यासाठी ठेवतात. भाच्याच्या कार्डावर दीड लाखात 60,000 होता.

तिसरे कारण सरळ आहे. रोख पन्नास दिवस बिनव्याजी मिळाली असती, तर कोणीही एका कार्डाची रोख काढून दुसऱ्याचे बिल भरले असते, किंवा बँकेत मुदत ठेव ठेवून वर तिचेच व्याज खाल्ले असते. ही वाट बंद ठेवण्यासाठीच मीटर पहिल्या दिवसापासून चालू केले जाते.

याच ठिकाणी आमच्यासारख्या घरांसाठी एक वेगळी गोष्ट आहे. सूद देण्याघेण्यापासून लांब राहू पाहणारे पुष्कळ लोक क्रेडिट कार्ड एका भरवशावर ठेवतात: आपण दर महिन्याला पूर्ण बिल वेळेवर भरतो, म्हणून सूद द्यावाच लागत नाही. मुळात असे कार्ड घ्यावे की नाही, ते आलिमांना विचारावे, तो आमचा अधिकार नाही. पण हिशोबाची बाजू आम्हाला स्पष्ट दिसते. खरेदीपुरता हा भरवसा टिकतो. रोखीच्या बाबतीत तो अजिबात टिकत नाही. कितीही वक्तशीर माणूस असो, एटीएममधून क्रेडिट कार्डाने रोख काढली की सूद लागलाच. तो चुकवण्याची वाट अटींत ठेवलेलीच नाही. एवढे एक वाक्य जरी घरातल्या तरुण मुलांनी लक्षात ठेवले तरी पुष्कळ झाले.

भाच्याने निदान पूर्ण बिल भरले. खरी अडचण होते ती बिलावरच्या दुसऱ्या, लहान आकड्याने. तिथे 'किमान देय रक्कम' लिहिलेले असते. रिझर्व्ह बँकेच्या निर्देशांप्रमाणे ही किमान रक्कम अशी ठरवावी लागते की ती भरल्यावर कर्ज वाढता कामा नये. म्हणजे त्या महिन्याचे व्याज, कर आणि मुद्दलाचा लहानसा तुकडा तिच्यात यायला हवा. कर्ज वाढत नाही हे खरे, पण ते किती हळू उतरते ते पाहा. 40,000 चे मुद्दल धरा. दर महिन्याला व्याज, कर आणि उरलेल्या मुद्दलाचे पाच टक्के एवढेच भरत गेलो, तर पहिल्या महिन्यात सुमारे 1,650 रुपये व्याजात आणि करात जातात आणि 2,000 मुद्दलात. असे बारा महिने न चुकता भरले, तर वर्षाअखेर व्याज आणि कर मिळून 15,000 च्या वर दिलेले असतात आणि मुद्दलातले सुमारे 21,600 रुपये अजून डोक्यावर असतात. वर्षभर एकही हप्ता चुकला नाही, तरी निम्म्याहून जास्त कर्ज जागच्या जागी.

त्यात आणखी एक गाठ आहे. मागचे बिल पूर्ण भरले नाही की नवीन खरेदीचे बिनव्याजी दिवसही जातात. म्हणजे सासऱ्यांसाठी काढलेल्या रोखीची बाकी राहिली, तर ईदच्या कपड्यांची खरेदीसुद्धा खरेदीच्या तारखेपासून व्याजाखाली येते. आणि आपण भरलेले पैसे आधी कशाला वळते होतात, हा क्रमही अटींत लिहिलेला असतो. काही कार्डांच्या अटींत आधी कर आणि फी, मग व्याज, मग खरेदी आणि सर्वांत शेवटी रोख असा क्रम आम्ही वाचला आहे. अशा कार्डावर खरेदीचीही बाकी असेल, तर 'मी रोख घेतलेले तेवढे पैसे परत भरले' असे आपल्याला वाटते, पण हिशोबात खरेदी फिटलेली असते आणि रोखीवरचे मीटर चालूच असते. हे ओळखण्याची खूण सोपी आहे. पुढच्या बिलात 'कॅश' किंवा 'रोख' या नावाखाली व्याज पुन्हा दिसले, तर समजावे की ती रोख अजून फिटलेली नाही.

एवढे व्याज घेणे कायद्याने चालते तरी कसे, असा प्रश्न मुलीने विचारला. हा प्रश्न देशाच्या सर्वांत मोठ्या कोर्टापर्यंत जाऊन आलेला आहे. 'आवाज' नावाच्या संस्थेच्या तक्रारीवर राष्ट्रीय ग्राहक आयोगाने 7 जुलै 2008 रोजी निकाल दिला होता की वेळेवर पूर्ण बिल न भरणाऱ्या कार्डधारकाकडून वर्षाला 30 टक्क्यांहून जास्त व्याज घेणे ही अनुचित व्यापारी प्रथा आहे. बँका सर्वोच्च न्यायालयात गेल्या. तिथे खटला वर्षानुवर्षे चालला आणि 20 डिसेंबर 2024 रोजी न्यायालयाने आयोगाचा निकाल रद्द केला. व्याजदर किती असावा हे पाहणे रिझर्व्ह बँकेचे काम आहे, आयोगाला तो ठरवण्याचा अधिकार नाही, आणि अटी कार्डधारकाला आधी कळवलेल्या असतात, असा त्या निकालाचा रोख आहे. रिझर्व्ह बँकेने मात्र क्रेडिट कार्डासाठी अमुक टक्क्यांची कमाल मर्यादा घालून दिलेली नाही. दर अवाजवी नसावा आणि अटी स्पष्ट सांगाव्यात, एवढे ती बँकांना बजावते. म्हणजे 30 टक्क्यांची जी भिंत लोकांना आहे असे वाटत होते, ती आता नाही. आता आपल्या बाजूने उरतो तो 'अटी आधी कळवलेल्या असतात' हा शब्द. म्हणून त्या वाचणे हाच आपला बचाव. अटींच्या पुस्तकात 'सर्वांत महत्त्वाच्या अटी व शर्ती' असा भाग असतो. त्यात 'कॅश अ‍ॅडव्हान्स' किंवा 'कॅश विड्रॉवल' शोधावे आणि तिथले फी, दर आणि पैसे वळते करण्याचा क्रम हे तीन आकडे-ओळी कागदावर उतरवून कार्डाच्या पाकिटात ठेवावे.

मग अडल्या वेळी काय करावे? आम्ही भाच्याला विचारले, "तुला नोटा हव्या होत्या की दवाखान्याची अनामत भरायची होती?" तो थोडा थांबला आणि म्हणाला, "अनामतच भरायची होती. पण तिथे कार्ड चालते का, हे विचारायचे सुचलेच नाही." नोटा काढण्याआधी हा एक प्रश्न विचारणे सर्वांत जास्त पैसे वाचवते. दवाखाना, औषधाचे दुकान, मंडपवाला, किराणा, कुठे कार्ड घासण्याचे मशीन असेल तर थेट तिथेच क्रेडिट कार्ड वापरावे. ती खरेदी ठरते, मग रोखीची फी नाही आणि बिल पूर्ण भरले तर व्याजही नाही. 2022 नंतर रुपे क्रेडिट कार्ड यूपीआयला जोडता येते, त्यामुळे ज्या दुकानात फक्त क्यूआर चिकटवलेला आहे तिथेही ते चालू शकते. मात्र तो क्यूआर दुकानाच्या नावाचा हवा. कोणाच्या खासगी खात्यावर क्रेडिट कार्डाने यूपीआय करता येत नाही.

रोखच हवी असेल तर घरात, नात्यात, जमातीत आधी विचारावे. कर्ज-ए-हसना ही आपल्याकडची जुनी आणि चांगली रीत आहे, आणि चाळीस हजारांसारखी दहा दिवसांची नड चार घरांत सहज भागते. भाच्याने संकोचाने कोणाला फोन केला नाही. त्या संकोचाची किंमत 4,858 रुपये निघाली. दुसरा रस्ता कंपनीकडून पगाराची उचल. कुठेच जमले नाही, तर बँकेचे सोनेतारण कर्ज कार्डाच्या रोखीपेक्षा कितीतरी स्वस्त असते, पण तेही व्याजाचेच, हे समजून घ्यावे.

एक रस्ता मात्र कोणी सुचवला तरी घेऊ नये. काही दुकानदार मशीनवर खोटी खरेदी दाखवून कार्ड घासतात आणि दोन-तीन टक्के कापून हातात नोटा देतात. वरवर हे एटीएमपेक्षा स्वस्त दिसते. पण ती खोटी विक्री आहे, दुकानदाराच्या बँकेशी असलेल्या करारात तिला मनाई असते आणि पकडले गेले की कार्ड बंद होऊ शकते. पुढे वाद झाला तर आपल्या हातात ज्याची पावती आहे तो माल आपल्याला मिळालेलाच नसतो. तसेच क्रेडिट कार्डाने मोबाइल वॉलेटमध्ये पैसे भरून ते खात्यात घेण्याची युक्तीही तपासून घ्यावी. काही बँका त्यावर वेगळी फी लावतात. आखातात किंवा उमराहला गेलेल्यांनी तर क्रेडिट कार्डाने तिथल्या मशीनमधून नोटा अजिबात काढू नयेत. तिथे रोखीची फी आणि पहिल्या दिवसापासूनचे व्याज तर असतेच, वर चलन बदलण्याचा आकारही लागतो.

आणि समजा मध्यरात्रीची वेळ आहे, जिवाचा प्रश्न आहे आणि कार्डाशिवाय काहीच हातात नाही. तेव्हा काढावेत, पैसा माणसासाठीच असतो. पण तीन गोष्टी कराव्यात. मशीन जेवढी मोठी रक्कम एका वेळी देईल तेवढी एकदाच काढावी, कारण फी दर वेळेला लागते. 40,000 एका वेळी मिळाले असते तर भाच्याचे 1,180 रुपये वाचले असते. दुसरे, बिलाची वाट पाहू नये. पैसे हातात आले की त्याच दिवशी कार्डाच्या खात्यावर भरावेत. भाच्याला पगार 30 एप्रिलला मिळाला होता. तेव्हाच, दहाव्या दिवशी, त्याने मुद्दल फेडले असते तर 36 दिवसांचे सुमारे 1,955 रुपये वाचले असते. बिल आल्यावर भरायची आपली चांगली सवय इथे नुकसानीची ठरते. तिसरे, भरल्यावर बँकेच्या ग्राहक सेवेला फोन करून विचारावे की रोखीची बाकी शून्य झाली का, आणि आजपर्यंतचे व्याज किती. ते ऐकून तेही लगेच भरून टाकावे. बँकेने हिशोब अटींप्रमाणे केला नाही असे दिसले, तर आधी बँकेकडे लेखी तक्रार करावी. 30 दिवसांत समाधान झाले नाही तर रिझर्व्ह बँकेच्या लोकपालाकडे जाता येते. त्यासाठी 14448 हा फोन क्रमांक आहे.

आमच्या घरात या सगळ्यानंतर आम्ही एक काम केले. कोणताही कार्डधारक आपल्या कार्डाचे एटीएम, दुकान, ऑनलाइन आणि परदेश असे वेगवेगळे वापर स्वतः चालू-बंद करू शकेल, अशी सोय बँकांनी द्यावी असा रिझर्व्ह बँकेचा आदेश 2020 चा आहे. बँकेच्या अ‍ॅपमध्ये कार्डाच्या सेटिंगमध्ये ही बटणे असतात. मुलीने घरातल्या प्रत्येक क्रेडिट कार्डाचे एटीएमचे बटण बंद केले आणि दुकानाचे चालू ठेवले. दोन मिनिटांचे काम आहे. आता घाईत चुकीचे कार्ड मशीनमध्ये गेले तरी नोटा येणार नाहीत. खरोखर गरज पडली तर बटण पुन्हा चालू करता येते, पण त्या दोन मिनिटांत माणूस एकदा थांबतो आणि कोणाला तरी फोन करावा का, असा विचार करतो. ज्यांच्या घरात आईवडिलांना अ‍ॅप वापरता येत नाही, त्यांच्या मुलांनी पुढच्या सुट्टीत गावी आल्यावर एवढे काम करून जावे. आणि क्रेडिट कार्डाच्या पाठीवर ठळक अक्षरांत एक चिठ्ठी चिकटवावी: 'मशीनसाठी नाही, दुकानासाठी.'